कार्यालयात माणसं किती, हे जिन्याला विचारा

मंगल कार्यालय चालवणारी बरीच मंडळी समोर बसलीत, म्हणून थेट हिशोबालाच येतो.

समजा, खानापूर रोडला एक कार्यालय आहे. हॉल पहिल्या मजल्यावर, 18 मीटर बाय 30 मीटर. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 खुर्च्या मांडलेल्या सभागृहात माणशी 0.6 चौरस मीटर जागा धरते. म्हणजे 900 माणसं. मालक खूश. पण हीच संहिता जिन्याला माणशी 10 मिलिमीटर रुंदी मागते, म्हणजे 900 माणसांना एकूण 9 मीटर जिना हवा. आपल्या कार्यालयाला दोन-दोन मीटरचे दोन जिने आहेत. त्यांतून 400 माणसं धरता येतात. खुर्च्या कितीही मांडा.

आता मागचा जिना बघू. तो आचाऱ्याच्या भटारखान्यातून उतरतो. आग लागण्याची शक्यता सगळ्यात जास्त तिथेच, शिवाय लग्नाच्या दिवशी तिथे सिलिंडर आणि भांडी. म्हणजे तो वाट म्हणून धरायचाच नाही. राहिले 200. पुढच्या जिन्याच्या तोंडाशी डेकोरेशनवाल्याने फुलांची कमान उभी केली, वाट दीड मीटर उरली. राहिले 150. पायथ्याशी चपलांचा ढीग असतो, तो मी अजून मोजलाच नाही.

2004 साली श्रीरंगममध्ये लग्नाच्या मांडवाला आग लागली, त्यात नवरदेवासह पन्नासहून अधिक माणसं गेली. मांडव वरच्या मजल्यावर, झावळ्यांचा, आणि उतरायला अरुंद जिना. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 1997 साली 59 माणसं गेली, तिथे बाल्कनीत जादा खुर्च्या बसवून एका बाजूची वाट बंद केलेली होती.

लोक ज्या दारानं आले त्याच दाराकडे पळतात. त्यामुळे दुसरा जिना भटारखान्यापासून वेगळा, धूर न शिरणारा काढलात, तरी तो कुणाला आठवणार नाही. अक्षतांच्या वेळी एक माणूस त्या दाराशी उभाच हवा, आणि दाराला कुलूप नको. चपलाचोर आणि आगंतुक येतात म्हणून कुलूप लावता, मला माहीत आहे. बाहेरून उघडू नये पण आतून ढकलल्यावर उघडावं, अशी पॅनिक बारची कडी मिळते.

माईक भटजींच्या हातात असतो, तो कुणी घ्यायचा हे आधी ठरवा. आधी बँजो बंद, मग सगळे दिवे चालू. ‘घाबरू नका’ म्हणू नका, त्यानं वाट कळत नाही. ‘स्टेजच्या डाव्या हाताच्या दारानं खाली उतरा’ असं सांगा, एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये. आपल्याकडे निम्मे पाहुणे धारवाडकडचे असतात.

आणि सगळ्यात हुशार माणूस ठेवा जिन्याच्या खाली. उतरलेला माणूस तिथेच थांबतो आणि मागे वळून बायको-पोरं शोधतो. चार जण असे थांबले की पायथा बंद, आणि वरचे अजून ढकलतच असतात. त्याचं काम एवढंच: ‘पुढे चला, पार्किंगमध्ये भेटा.’ हात धरून ओढावं लागलं, तर ओढायचं.