ओरखडा कुठे सुरू होतो

(दृश्य: पहाटेचा दुपदरी रस्ता. कडेला ट्रक, मुरमात आडवी मोटारसायकल.)

समजा, अशी समोरासमोर धडक झाली आहे. मोटारसायकलस्वार जागीच गेला. कोंडी फोडायला लोकांनी ट्रक डावीकडे घ्यायला लावला. आता पाहणाऱ्याला वाटतं, ट्रक तर आपल्याच बाजूला होता.

(दृश्य: टेप धरलेले पोलीस, शेजारी दोन पंच.)

म्हणूनच जाणता तपासी अंमलदार वाहनांआधी डांबर पाहतो. फुटलेली काच दूरवर उडते, तिच्यावर एकटीवर विसंबता येत नाही. पण मोटारसायकल कोसळताना तिचं लोखंड डांबर खरवडतं. तो ओरखडा जिथे सुरू होतो, धडक त्याच्या आसपास झालेली असते. आपल्या उदाहरणात डांबर 7 मीटर रुंद आहे, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेतीन. ओरखडा मोटारसायकलच्या बाजूच्या रस्त्याच्या कडेपासून 2 मीटरवर सुरू होतो, मधल्या रेषेच्या दीड मीटर अलीकडे. ट्रकच पलीकडून इकडे आला असावा.

हे माप घटनास्थळाच्या नकाशात विजेच्या खांबापासून किंवा किलोमीटरच्या दगडापासून घेतलेलं हवं. काच झाडून नेतात, ओरखडा पुसट होतो, खांब मात्र राहतो. पंचनाम्यात नुसतं "रस्त्याच्या मध्यभागी धडक झाली" असं लिहिलं, तर तेच वाक्य पुढे घरच्यांना महागात पडतं.

(दृश्य: ठाण्यात फिर्याद लिहून घेतली जात आहे.)

फिर्याद बहुतेकदा भाऊ किंवा मेहुणा देतो. त्याने अपघात पाहिलेला नसतो. "भरधाव वेगाने, हयगयीने" हे शब्द त्यात येतात, भारतीय न्याय संहितेची कलमं 281 आणि 106 लागतात. पण एफआयआर म्हणजे चूक कोणाची याचा पुरावा नव्हे, ती तपासाची सुरुवात आहे.

(दृश्य: न्यायाधिकरणाची इमारत.)

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, काय घडलं असण्याची शक्यता जास्त, एवढंच तोललं जातं. इथे विमा कंपनीचे वकील नकाशावर बोट ठेवतात: धडक मध्यावर झाली, म्हणजे दोघेही चुकले. समजा भरपाई 20 लाख ठरली आणि मयताची चूक 30 टक्के धरली, तर 6 लाख कापले जातात, हाती 14 येतात. आईवडिलांच्या, लेकरांच्या वाट्याचे हे 6 लाख त्या दीड मीटरवर ठरतात, आणि ते मोजायला टेप धरून दोन मिनिटं लागली असती.

(दृश्य: कागदांची फाइल.)

1 एप्रिल 2022 पासूनच्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल 48 तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा, सविस्तर अहवाल 90 दिवसांत. पंचनाम्याची प्रत हातात पडली की घरच्यांनी आधी मापं वाचावीत. खांबापासूनचं अंतर नसेल, तर त्या सकाळी कुणी मोबाइलवर काढलेले फोटो लगेच शोधून वकिलाकडे द्यावेत, खांब आणि ओरखडा एकाच चौकटीत दिसणारे.