वरची ओळ विकत मिळते, खालची नाही

(दृश्य: यंत्रमाग, वर फिरणाऱ्या जॅकार्डच्या पट्ट्या)

सोलापूर, अक्कलकोट रोडची एमआयडीसी. भोकं पाडलेल्या या पुठ्ठ्याच्या पट्ट्या बघत राहा. चादरीवर नक्षी कुठे उमटायची ते त्याच ठरवतात. या चादरीला भौगोलिक मानांकन आहे. पण गिऱ्हाईक आता दुकानाआधी मोबाईलवर येतं.

(दृश्य: कारखानदारांचा मोबाईल, अगदी जवळून)

मालकांनी आमच्यासमोरच गूगलवर टाइप केलं: सोलापुरी चादर. पहिल्या निकालाच्या डोक्यावर लहानसा शब्द आहे, "प्रायोजित". ही जागा पैसे मोजून घेतलेली. खाली फोटो आणि किमतींची आडवी पट्टी, तिच्यावरही तोच शब्द. मग नकाशा. त्याच्याखाली एक निकाल येतो, ज्याच्यावर असं काहीच लिहिलेलं नाही. नैसर्गिक निकाल म्हणतात तो हा. निळं शीर्षक दोन्हीकडे सारखं, बाजूचं छोटं चिन्हही तसंच. पानाच्या तळाशीसुद्धा जाहिराती येतात, म्हणून जागेवरून ओळखू नका, शब्द वाचा.

(दृश्य: जुन्या निकालपानांची चित्रं, एकामागून एक)

पूर्वी हे सोपं होतं. जाहिरातींच्या मागे रंगीत पट्टा असायचा. मग पट्टा जाऊन पिवळी चिठ्ठी आली, 2016 मध्ये ती हिरवी झाली. 2020 साली संगणकावरही नुसती काळी अक्षरं उरली. आणि 2022 मध्ये मोबाईलवर आजचा शब्द आला. रंग कुणासाठी उतरवला, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

(दृश्य: मालक, मागे चादरींच्या घड्या)

"बोली पंधराची वीस केली की ओ. जाहिरात वर गेली. पण आमची साइट हाय तिथंच, दुसऱ्या पानावर!"

बोली म्हणजे जाहिरातीवरच्या एका क्लिकमागे द्यायची तयारी असलेली रक्कम. ती वाढवा, साइट आपोआप वर येईल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. हा समज अगदीच हवेतला नाही. 1998 मध्ये गोटू डॉट कॉम नावाची शोधसेवा निघाली होती. तिथे जास्त बोलीवाला वर लागायचा, बोलीची रक्कमही यादीतच दिसायची. 2002 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने शोध कंपन्यांना बजावलं की पैशाचे निकाल वेगळे ओळखू आले पाहिजेत.

(दृश्य: जाहिरात खात्याचा पडदा, बोलीचा रकाना)

गूगलवर लिलाव होतो तो फक्त जाहिरातींच्या जागांचा, आणि तो प्रत्येक शोधाला नव्याने होतो. त्यातही नुसती बोली चालत नाही. समजा एकाची बोली वीस रुपये, पण जाहिरात नुसती "बेडशीट सेल" म्हणते. दुसऱ्याची बोली बाराच, पण जाहिरात आणि तिच्यामागचं पान दोन्ही सोलापुरी चादरीचं. दुसरा वर जाऊ शकतो. त्याला पूर्ण बारा द्यावे लागतील असंही नाही. खालच्याच्या पुढे राहायला पुरेल तेवढेच कापले जातात, तेही कुणी क्लिक केलं तरच.

नैसर्गिक यादी लावणारी यंत्रणा वेगळी. गूगलचा प्रोग्राम साइटची पानं वाचून साठवतो. मग शोधलेल्या शब्दांशी कुठलं पान जुळतं, कुठल्या पानाकडे इतर साइटवरून दुवे येतात, अशा गोष्टींवरून क्रम लावतो. या हिशेबात बोलीचा रकानाच नाही. क्रम वर नेण्यासाठी आम्ही पैसे घेत नाही, हे गूगलने लेखी सांगितलंय. जाहिरातीमुळे एक मात्र होतं: वर चार जाहिराती लागल्या की नैसर्गिक यादीतला पहिला निकालही पडद्याखाली ढकलला जातो. क्रमांक तोच, पण बोट सरकवल्याशिवाय दिसत नाही. आणि घाईत वरच्या ओळीवर बोट ठेवणाऱ्याला सोलापूरचीच चादर मिळेल, याची खात्री नाही.

(दृश्य: सर्च कन्सोलचा आलेख, मग साइटचं पान)

पडताळायला सर्च कन्सोल हे साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन फुकट आहे. त्यातल्या शोध-अहवालात जाहिरातींचे क्लिक मोजलेच जात नाहीत. बोली वाढली त्या दिवसांची सरासरी जागा मालकांनी काढून बघितली. रेघ हललेली नव्हती. स्वतःच्या मोबाईलवर शोधून क्रम ठरवू नका, तो ठिकाणानुसार बदलतो.

अडलं होतं वेगळ्याच ठिकाणी. साइटवर चादरीचा आकार, वजन, सूत, सगळी माहिती फोटोतच छापलेली. मजकूर म्हणून पानावर काही नाही, आणि शीर्षक नुसतं "होम". वाचणाऱ्या प्रोग्रामला त्यातून फारसं काय हाती लागणार?

(दृश्य: मालकांची मुलगी संगणकावर टाइप करताना)

आता प्रत्येक चादरीचं वेगळं पान होतंय. सिंगल, डबल, धुण्याची पद्धत, सगळं अक्षरांत. पान तयार झालं की सर्च कन्सोलमध्ये ते पुन्हा वाचण्याची विनंती टाकता येते. तिलाही पैसे लागत नाहीत, पण वाचून व्हायला काही दिवस ते काही आठवडे जातात, आणि वाचलं म्हणजे वर आलंच असं नाही.