एक दात की दोन? आधी मोजा, मग बोला

[वरच्या पुढच्या दातांचा जवळून शॉट]

नऊ वर्षांच्या मुलाचा हा जबडा. वरचा पटाशीचा उजवा दात डाव्यापेक्षा जवळपास दीडपट रुंद आहे आणि त्याच्या मधोमध, कडेपासून हिरडीकडे, एक खाच उतरली आहे. घरचे विचारतात, ‘दोन दात चिकटलेत का?’ डॉक्टर लगेच उत्तर देत नाहीत. आरसा हातात घेऊन त्या आधी दात मोजतात.

या वयात वरच्या जबड्यात पुढचे कायमचे चार दात असायला हवेत. रुंद दात एकच धरून मोजायचं. एक, दोन, तीन, चार. चारही भरले. म्हणजे शेजारचा कुणी त्यात विरघळलेला नाही. एकाच दाताच्या अंकुराने दुभंगायचा प्रयत्न केला आणि तो अर्धवट राहिला, अशी शक्यता दिसते. याला जेमिनेशन म्हणतात.

[खालच्या दुधाच्या दातांचा शॉट]

आता ही चार वर्षांची मुलगी. खालच्या जबड्यात दोन सुळे आणि मधले चार असे सहा दात हवेत, पण मोजताना पाचच भरतात. डाव्या बाजूचा सुळा आणि त्याच्या शेजारचा दात एकजीव झाले आहेत. दोन वेगळे अंकुर घडतानाच जवळ आले, इनॅमलखालचं त्यांचं डेंटिन, म्हणजे दाताचा मुख्य भाग, जोडलं गेलं, हे फ्यूजन. दुधाच्या दातांत ते कायमच्या दातांपेक्षा जास्त आढळतं. डॉक्टर इथे एक्स-रे काढायला सांगतात. जोडलेल्या दातांखाली पुढचा कायमचा दात कधी कधी तयारच झालेला नसतो, ते पाहायचं असतं.

पण मोजणीवर डोळे झाकून विसंबता येत नाही. सामान्य दात आणि एखादा जादा दात यांचं फ्यूजन झालं, तर आकडा बरोबरच येतो. म्हणून पहिल्या मुलाकडे परत जाऊ.

[एक्स-रे, पडद्यावर मोठा केलेला]

इथे डॉक्टर दोन गोष्टी शोधतात. पहिली, मुळं किती. एकच मूळ आणि आत नसेची एकच रुंद पोकळी. ही जेमिनेशनची नेहमीची खूण. फ्यूजनमध्ये बहुतेकदा दोन पोकळ्या दिसतात. दुसरी, खाचेच्या दोन बाजू. या दाताचे दोन्ही भाग आरशातल्यासारखे सारखे आहेत. जादा दात जोडला गेला असता, तर तो भाग बहुधा निमुळता, बेढब दिसला असता. हे सगळं जुळूनही डॉक्टर फाइलवर ‘जेमिनेशन, बहुधा’ असंच लिहितात. ते ‘बहुधा’ महत्त्वाचं आहे. फ्यूजनमध्येही पोकळी एकच असू शकते आणि साधा एक्स-रे सपाट असतो, मागचं पुढचं एकावर एक येतं.

[वरच्या दाताची टाळूकडची बाजू, आरशात]

तिसरा दात मात्र फसवतो, कारण समोरून त्यात काहीच वावगं वाटत नाही. वरच्या पटाशीच्या शेजारचा हा दात, तेरा वर्षांच्या एका मुलीचा. कीड नाही, मार लागलेला नाही, तरी हिरडीला पू येतोय. आरसा टाळूकडे वळवला की बारीक खड्डा दिसतो. प्रोबचं टोक त्यात अडकतं.

दात घडत असताना, कठीण होण्याआधीच, त्याचं बाहेरचं आवरण आत दुमडलं गेलं. मोज्याचं टोक आत ढकलावं तसं. एक्स-रेमध्ये दाताच्या पोटात इनॅमलची पांढरी रेघ असलेली थेंबासारखी पोकळी दिसते. हे डेन्स इनव्हॅजिनेटस. फ्यूजन आणि जेमिनेशनमध्ये प्रश्न असतो दात किती. इथे प्रश्न आहे आत किती खोल. दंतवैद्य ओलर्स यांनी 1957 मध्ये याचे तीन प्रकार केले, ते आजही वापरतात. पहिल्यात दुमड दाताच्या माथ्यातच थांबते. दुसऱ्यात ती मुळात उतरते, पण बंद राहते. तिसऱ्यात मूळ पार करून बाहेर उघडते. तळाशी इनॅमल पातळ असतं, कधी नसतंच. त्यामुळे तोंडातले जंतू कीड न दिसताही नसेपर्यंत पोचतात. मुलीच्या दाताची नस गेली आहे.

[कोन बीम स्कॅनचे काप]

दाताच्या या त्रिमितीय स्कॅनचे काप एकेक करून खाली सरकतात तसा मार्ग उलगडतो. पोकळी मुळात उतरते आणि बंद होते. प्रकार दुसरा. मुलांना साध्या एक्स-रेपेक्षा या स्कॅनमध्ये किरणं जास्त लागतात, म्हणून तो सरसकट काढत नाहीत. इथे रूट कॅनालची आखणी करायची आहे, म्हणून काढला.

डॉक्टर आता मुलीच्या दुसऱ्या बाजूचा तोच दात तपासतात, कारण ही विकृती पुष्कळदा दोन्ही बाजूंना असते. तिथेही खड्डा आहे. थंडाची जाणीव होते, म्हणजे नस जिवंत आहे. खड्डा साफ करून, आम्ल लावून, धुऊन, पातळ कॉम्पोझिटने बंद केला जातो. दर सहा महिन्यांनी त्याची तपासणी.