सेपरेटर आधी बंद होतो की आधी आकसतो?

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

माझ्या हातातला हा पांढरा तुकडा पॉलिएथिलीनचा आहे. लांबी-रुंदी दहा-दहा सेंटिमीटर, जाडी १२ मायक्रॉन. लिथियम-आयन सेलमध्ये कॅथोड आणि ॲनोड यांच्यामध्ये जो सेपरेटर बसतो, तो हाच. पॉलिएथिलीनची एवढी पातळ फिल्म खरं तर पारदर्शक दिसायला हवी. ही पांढरी दिसते, कारण तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रं आहेत आणि त्यांच्या कडांवर प्रकाश विखुरतो. तिच्यावर इलेक्ट्रोलाइटचा थेंब टाकला की तेवढा डाग तेलकट कागदासारखा अर्धपारदर्शक होतो. पाण्याचा थेंब टाकला तर तो अळवावरच्या पाण्यासारखा गोल उभा राहतो. हा पांढरेपणा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

हा तुकडा तराजूवर ६८ मिलिग्रॅम भरतो. पॉलिएथिलीनची घनता ०.९५ धरली, तर याच मापाचा भरीव तुकडा ११४ मिलिग्रॅमचा झाला असता. म्हणजे सुमारे ४० टक्के जागा रिकामी आहे. मात्र वजनावरून एवढंच कळतं. छिद्रं आरपार आहेत की मध्येच बुजलेली, सरळ आहेत की नागमोडी, हे कळत नाही. त्यासाठी गर्ली चाचणी करतात: ठराविक दाबाखाली १०० घनसेंटिमीटर हवा फिल्ममधून जायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. सच्छिद्रता सारखी असूनही एका फिल्मची गर्ली दुसरीच्या दुप्पट येऊ शकते. रोल हातात आला की मी आधी ही चाचणी पाहीन, सच्छिद्रतेचा आकडा नंतर.

बॅटरीच्या दृष्टीने खरा प्रश्न हवेचा नसून आयनांचा आहे. नेहमीच्या इलेक्ट्रोलाइटची वाहकता खोलीच्या तापमानाला सेंटिमीटरला १० मिलिसीमेन्सच्या आसपास असते. नुसत्या इलेक्ट्रोलाइटचा १२ मायक्रॉन जाडीचा थर घेतला, तर एका चौरस सेंटिमीटरला रोध येतो ०.१२ ओहम. त्याच जागी सेपरेटर ठेवला की तो साधारण आठपट होतो, म्हणजे १ ओहमच्या जवळ जातो. या पटीला मॅकमुलिन अंक म्हणतात. आठपैकी अडीचपट वाढ उघड आहे, कारण वाहायला ४० टक्केच जागा मिळते. उरलेली तिप्पट वाढ वळणावळणाच्या वाटेमुळे होते.

हा १ ओहम पूर्ण सेलला लावून पाहू. दंडगोल सेलमध्ये समोरासमोर येणारं इलेक्ट्रोडचं क्षेत्र ८०० चौरस सेंटिमीटर धरलं, तर सेपरेटरचा वाटा सव्वा मिलिओहम येतो. हा आकडाही बाजूला ठेवू.

आता फिल्म तापवू. पॉलिएथिलीन १३० ते १३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतं. वितळलं की छिद्रांच्या भिंती ढासळतात, पोकळी बुजते आणि १२ मायक्रॉनची सच्छिद्र फिल्म सात मायक्रॉनच्या भरीव पापुद्र्यात बदलते. पांढरेपणा जातो आणि ती काचेसारखी दिसू लागते. आयनांची वाट बंद होते. यालाच शटडाउन म्हणतात. प्रयोगशाळेत दोन धातूच्या चकत्यांमध्ये भिजवलेला सेपरेटर दाबून ठेवतात, हळूहळू तापवतात आणि एक किलोहर्ट्झला रोध मोजत राहतात. आलेखात रोध आधी थोडा उतरतो, कारण तापल्यावर इलेक्ट्रोलाइट जास्त वाहक होतो. मग १३० च्या सुमारास रेषा उभी चढते. आणखी तापवत गेलं तर एका ठिकाणी ती धाडकन कोसळते. तिथे फिल्म फाटलेली असते आणि चकत्या एकमेकींना टेकलेल्या असतात.

कागदपत्रांत बहुधा चढणीचं तापमान ठळक छापलेलं असतं. माझ्या मते चढण आणि कोसळणं यांतलं अंतर जास्त महत्त्वाचं. सेल तापू लागला की प्रवाह तोडल्यावरही त्याचं तापमान लगेच थांबत नाही, आतली उष्णता त्याला आणखी वर नेते. हे अंतर दहा अंशांचंच असेल, तर सेपरेटर बंद होतो आणि त्याच झटक्यात फाटतो. म्हणून मध्ये पॉलिएथिलीन आणि दोन्ही बाजूंना पॉलिप्रॉपिलीन अशी तीन थरांची फिल्म आली. मधला थर १३० ला वितळून वाट बुजवतो आणि बाहेरचे थर १६० च्या पुढेपर्यंत आकार धरून ठेवतात. आलेख कोणत्या वेगाने तापवून काढला, हेही विचारा. वेगाने तापवलं तर फिल्म मागे पडते आणि शटडाउन काही अंश उशिरा झाल्यासारखा दिसतो.

रोध किती पट वाढला, हेही पाहायला हवं. 'रोध शंभरपट वाढतो' हे ऐकायला छान वाटतं. मघाचा सव्वा मिलिओहम शंभरपट केला तर ०.१२ ओहम होतो. ४.२ व्होल्टचा सेल बाहेरून शॉर्ट झाला असेल, तर त्यातून अजूनही ३५ अँपिअर जाऊ शकतात. याला बंद होणं म्हणता येत नाही. हजारपट वाढला तर प्रवाह साडेतीन अँपिअरवर येतो आणि उष्णता १५ वॅटच्या आत राहते. त्यामुळे रोध तीन घातांनी चढल्याशिवाय शटडाउनवर विसंबू नये. शिवाय फिल्मचा एखादा कोपरा थंड राहिला, तर तिथली छिद्रं उघडीच राहतात आणि सगळा प्रवाह तिकडे धावतो.

आता दुसरी अडचण. जी उष्णता छिद्रं बुजवते, तीच फिल्मला आकसवते. फिल्म बनवण्याच्या ओल्या पद्धतीत पॉलिएथिलीन पॅराफिन तेलात मिसळून त्याची पट्टी काढतात, ती लांबी-रुंदीत ताणतात आणि नंतर तेल डायक्लोरोमिथेनने धुऊन काढतात. तेलाच्या जागी छिद्रं राहतात. ताणलेल्या साखळ्या मात्र गोठलेल्या असतात आणि वितळबिंदूजवळ पोचताच मागे सरकू पाहतात. कोरड्या पद्धतीत फिल्म बहुधा एकाच दिशेने ताणतात. ती रुंदीत जवळजवळ आकसत नाही, पण केळीच्या पानासारखी सरळ रेषेत चटकन फाटते.

आकसण्याचा हिशेब मिलिमीटरमध्ये करावा. समजा, कॅथोड ५६ मिलिमीटर रुंद, ॲनोड ५८ आणि सेपरेटर ६० मिलिमीटर. फिल्म रुंदीत ५ टक्के आकसली तर ५७ मिलिमीटर उरते. ॲनोडची कड दोन्हीकडे अर्धा मिलिमीटर उघडी पडते, पण कॅथोड अजून झाकलेला असतो. ७ टक्के आकसली तर ५५.८ उरते. आता कॅथोडचीच कड एक दशांश मिलिमीटर बाहेर आली आणि समोर ॲनोड आहे. मधल्या भागात छिद्रं अगदी व्यवस्थित बुजली असली, तरी काठावर शॉर्ट होतो. सेपरेटर बंदही झाला आणि सेलही गेला. अर्थात गुंडाळीत इलेक्ट्रोड फिल्मला दाबून धरतात, त्यामुळे ओव्हनमधल्या मोकळ्या तुकड्याइतकी ती आकसत नाही. पण न आकसलेला ताण फिल्ममध्ये साठून राहतो आणि ती मधूनच चिरू शकते.

सिरॅमिक लेप येतो तो इथे. ॲल्युमिना किंवा बोहेमाइटचे अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे कण, थोडा बाइंडर आणि पाणी यांची स्लरी करून फिल्मच्या एका किंवा दोन्ही बाजूंना दोन ते तीन मायक्रॉनचा थर देतात. या कणांना १३० अंशांची फिकीर नसते. खाली पॉलिएथिलीन वितळलं तरी कणांची घट्ट जाळी त्याला जागेवर धरते. १५० अंशांच्या ओव्हनमधून तासाभराने काढलेला नुसता तुकडा चुरगळलेल्या पारदर्शक पट्टीसारखा दिसतो. चांगला लेप असलेला तुकडा जवळपास मूळ मापाचाच राहतो, फक्त पांढऱ्या लेपामागची फिल्म पारदर्शक झालेली असते. म्हणजे छिद्रं बुजली, पण कड सरकली नाही. आपल्याला हवं ते नेमकं हेच.

लेपामुळे शटडाउन होत नाही, हे मात्र विसरू नका. लेपाची स्वतःची छिद्रं तापल्यावरही उघडीच राहतात. बंद होण्याचं काम खालच्या पॉलिएथिलीनचंच. फिल्म पाच मायक्रॉनपर्यंत पातळ केली, तर वितळल्यावर तीनच मायक्रॉन भरीव माल उरतो. त्यातला काही लेपात आणि इलेक्ट्रोडच्या छिद्रांत शिरला, तर पापुद्र्यात भोकं राहू शकतात. ऊर्जा घनता वाढवण्यासाठी फिल्म पातळ करताना ही किंमत मोजावी लागते.

लेपाचे दोष बहुतेक बाइंडरपाशी सुरू होतात. तो कमी पडला तर स्लिटिंगच्या वेळी, म्हणजे रुंद रोल पट्ट्यांत कापताना, कडेला पांढरी भुकटी पडते. चिकटपट्टी लावून ओढली तर पट्टीवर लेप उचलून येतो. तो जास्त झाला तर फिल्मच्या छिद्रांत उतरतो आणि गर्ली वाढते. लेपाआधी आणि लेपानंतर अशी दोन्ही मोजमापं घेतली, तर थोडी वाढ अपेक्षित आहे. ती दीडपटीवर गेली तर बाइंडर आत शिरल्याचा संशय घ्यावा. ॲल्युमिना फार कठीण असल्यामुळे स्लिटिंगच्या पात्यांची धार लवकर जाते. बोहेमाइट त्यामानाने मऊ, म्हणून यंत्रावर काम करणारे त्याला पसंती देतात.

ओलावा हा त्याहून छुपा त्रास. कणांच्या पृष्ठभागावर पाणी चिकटून बसतं. ते इलेक्ट्रोलाइटमधल्या लिथियम हेक्साफ्लोरोफॉस्फेटला भेटलं की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. हे पाणी काढायला भरपूर उष्णता देता येत नाही, कारण नव्वदच्या वर फिल्मच आकसू लागते. म्हणून निर्वातात, कमी तापमानाला, बराच वेळ सुकवावं लागतं. लेपवाल्या रोलला साध्या रोलचंच वाळवणीचं वेळापत्रक लावलं, तर ते बहुधा अपुरं पडतं.

शेवटी पॅकचं बोलू. स्कूटरच्या बॅटरीत १३ सेल एकामागोमाग जोडलेले आहेत, पूर्ण भारित, मिळून ५४.६ व्होल्ट. बाहेरून शॉर्ट झाला आणि सर्वांत गरम सेल आधी बंद झाला. प्रवाह थांबला, पण उरलेल्या १२ सेलचा ५०.४ व्होल्टचा दाब आता त्या एकट्या सेलवर उलट्या दिशेने येतो आणि त्याचे स्वतःचे ४.२ व्होल्ट त्यात मिळतात. सेपरेटरवर एकूण ५४.६ व्होल्ट पडतात. सलग, निर्दोष पापुद्रा तेवढं सोसेल. अर्धवट बुजलेल्या छिद्राजवळ मात्र ठिणगी पडून फिल्म जळू शकते. एका सेलवर ४.२ व्होल्टला केलेल्या चाचणीत हे दिसतच नाही. म्हणून शटडाउन झालेल्या नमुन्यावर पॅकइतका व्होल्टेज लावून काही मिनिटं गळती प्रवाह पाहावा. तो स्थिर न राहता चढू लागला, तर त्या पॅकमध्ये या सेपरेटरचा शटडाउन हिशेबात धरू नये. फ्यूज आणि पॅकवर लक्ष ठेवणाऱ्या बीएमएसच्या काँटॅक्टरने प्रवाह त्याआधीच तोडला पाहिजे.