दुकानदाराला ‘स्कॅनर लावा’ म्हणायचंय? मग हा परिच्छेद असा लिहा

नमस्कार मंडळी. कमेंटमध्ये एकच मागणी चाललीये. ‘सर, दुकानदाराला क्यूआर लावायला पटवणारा एक परिच्छेद द्या ना.’ कुणाला कॉलेजच्या प्रोजेक्टला हवाय, कुणाला नव्या नोकरीत फिल्डवर बोलायला, तर कुणाला आपल्याच किराणावाल्या काकांसाठी. देतो. पण आधी थोडं ऐका.

क्यूआर म्हणजे काय, स्कॅन कसा करतात, हे सांगत बसत नाही. दुकानदारालाही ते सांगू नका. बाजूच्या मेडिकलमध्ये तो स्वतःच स्कॅन करून गोळ्या घेतो, त्याला सगळं येतं.

तुम्ही पाठवलेले नमुने मी वाचले. जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात ‘आजच्या डिजिटल युगात’. अरे बाबांनो, काका गल्ल्यावर उभे आहेत, एका हातात मापटं, समोर तीन गिऱ्हाईकं. त्यांना युगाचं काय घेणंदेणं? एकाने लिहिलंय, ‘देशाच्या प्रगतीचा मुद्दा घाला.’ घाला की, पण मग ते भाषण होईल आणि काका मान हलवून पुढच्याला साखर मोजायला घेतील. दुसरी गंमत, नमुन्यांतले निम्मे फायदे गिऱ्हाइकाचे असतात. ‘पाकीट बाळगावं लागत नाही.’ कोणाला? तुम्हाला! काकांचं पाकीट गल्ल्यातच आहे.

आता अडतं कुठे ते सांगतो. दुकानदार नाही म्हणताना खरं कारण सांगत नाही. ‘इथे रेंज नसते’, ‘मुलगा बघतो ते सगळं’, ‘दिवाळीनंतर बघू’. मी फिल्डवर असताना एका शेठनी रेंजचं कारण दिलं, आणि त्याच वेळी त्यांच्या काउंटरवर मोबाइलमध्ये क्रिकेट मॅच चालू होती, एकदाही न अडकता. खरी भीती एकच, आपला धंदा किती ते बाहेर दिसेल आणि नोटीस येईल. ही भीती हवेतली नाही. 2025 च्या जुलैमध्ये कर्नाटकात यूपीआयचे आकडे बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, आणि बंगळुरूत बऱ्याच दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. ही बातमी काकांपर्यंत पोहोचलीये. म्हणून तुमच्या परिच्छेदात या भीतीचं नाव यायलाच हवं. ते टाळलंत तर बाकीचं कितीही गोड लिहा, काका ऐकत राहतील आणि मनात नोटीसच घोळत राहील.

बरं, नाव घेऊन पुढे काय बोलायचं? आकडा मांडायचा. माल विकणाऱ्याला आपल्याकडे जीएसटी नोंदणी लागते ती वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या वर गेली की. समजा काकांचा रोजचा गल्ला 6,000 रुपये. वर्षभर एकही सुट्टी न घेता धरला तरी होतात 21 लाख 90 हजार. सगळेच्या सगळे मोबाइलवर आले तरी मर्यादेच्या बरेच खाली. 40 लाख गाठायला रोज साधारण 11,000 चा धंदा लागतो. आणि हे नीट समजून घ्या, ही मर्यादा एकूण उलाढालीची आहे. रोख किती आणि ऑनलाइन किती याने ती हलत नाही. रोज 15,000 चा धंदा असणाऱ्याला स्कॅनर नसला तरी नोंदणी लागणारच. त्याला कंपोझिशन योजनेचं सांगा, दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला उलाढालीवर 1 टक्का जीएसटी. सीएला विचारून घ्या म्हणावं.

आणखी एक सांगतो, कारण कमेंटमध्ये एक जण म्हणतो, ‘सर, सरळ सांगायचं, सरकारला काही कळत नाही.’ अजिबात नाही! बँकेत आलेला पैसा दिसतो. खोटं सांगून लावलेला स्कॅनर पहिल्या बातमीला निघतो. त्यापेक्षा कामाची गोष्ट सांगा, दुकानाला खातं वेगळं ठेवा. काकांच्या घरच्या खात्यात पुण्याहून मुलगा पैसे पाठवतो, भिशीचे येतात, उसने दिलेले परत येतात. तेही उद्या विक्रीसारखे दिसतात, मग खुलासे करत बसा.

एका ताईंनी आयकराच्या 44एडी कलमाचा मुद्दा सुचवलाय. ऑनलाइन आलेल्या विक्रीवर नफा 8 ऐवजी 6 टक्के धरता येतो. बरोबर आहे ताई. पण 22 लाखांवर 8 टक्के म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास, दुसरं उत्पन्न नसेल तर त्यावर तसाही कर बसत नाही. परिच्छेदात नको, जागा खातो.

खर्चाचं एका वाक्यात. 1 जानेवारी 2020 पासून गिऱ्हाइकाच्या बँक खात्यातून येणाऱ्या यूपीआयवर दुकानदाराकडून टक्केवारी कापत नाहीत. पण बोलणाऱ्या डब्याला, साउंडबॉक्सला, बहुतेक ठिकाणी महिन्याचं भाडं असतं. ‘सगळं फुकट’ म्हणून मोकळे होणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. महिनाअखेरीला भाडं कापलं जातं आणि शिव्या आपल्यासारख्या पुढच्या माणसाला.

घ्या आता परिच्छेद. वाचून दाखवू नका, आपल्या तोंडाने बोला.

‘काका, नोटिशीची धास्ती आहे ना? मग आधी तेच बोलू. तुमचा गल्ला रोज सहा हजारांचा धरला तर वर्षाचे बावीस लाख होतात आणि जीएसटी नोंदणी लागते चाळीसच्या वर. दुकानाचं खातं तेवढं वेगळं काढू, घरचे पैसे त्यात नकोत. बँक खात्यातून आलेल्या यूपीआयवर टक्केवारी कापत नाहीत. बोलणारा डबा हवा असेल तर त्याला भाडं आहे, ते किती हे आधी विचारू, नको असेल तर नुसतं स्टिकर लावा. सात रुपयांच्या वस्तूला दहाची नोट आली की तुम्ही चॉकलेट देता, त्यावर रोज कुरबुर होते, ती थांबेल. आणि “घरी जाऊन पाठवतो” म्हणणाऱ्याला इथेच स्कॅन करायला सांगता येईल. एजंटला रोख द्यावी लागते तेवढी रोख घेत राहा, रोख बंद करा असं कोण म्हणतंय? महिनाभर ठेवा, नाही जमलं तर काढून टाका.’

एजंटवालं वाक्य गाळू नका. माल टाकणारा रोख मागतो, आणि गल्ल्यातली रोख आटली तर काकांना एटीएमला पळावं लागतं.

ते हो म्हणाले की तिथेच एक रुपया पाठवून दाखवा. पाठवण्याआधी स्क्रीनवर नाव येतं, ते काकांचंच आहे ना, हे त्यांनाच वाचायला लावा. कुणी रात्रीत स्टिकरवर दुसरं स्टिकर चिकटवलं, तर ते या नावावरूनच पकडता येतं. सकाळी शटर उघडल्यावर एकदा बघायचं. आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरची ‘पैसे गेले’ची हिरवी खूण बघून माल द्यायचा नाही, खोटी खूण दाखवणारी अ‍ॅप्स फिरतायत. डब्यातून आवाज आला, नाहीतर आपल्या मोबाइलवर जमा दिसलं, तरच पिशवी सोडायची. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हेही तिथेच सांगून टाका.

भाजीवाल्या मावशींसाठी वेगळा परिच्छेद मागितलाय कुणीतरी. त्यांच्याकडे जीएसटीचा प्रश्नच नाही, ताज्या भाजीवर तो नाहीच. तिथे अडतं ते मोबाइल कोणाच्या नावावर आणि पैसे कोणाच्या खात्यात जातात यावर. तो पुढच्या व्हिडिओत.