जिना चढताना दुखणारा गुडघा

श्रोतेहो, नमस्कार. सपाट रस्त्यावर फारसा त्रास न देणारा गुडघा जिन्यावर मात्र ठणकू लागतो, अशी तक्रार साठी उलटलेल्या अनेकांकडून ऐकू येते. पायरी चढताना वाकलेल्या गुडघ्यावर सारे शरीर उचलावे लागते. त्या वेळी मांडीचा पुढचा स्नायू जोराने आकसतो आणि गुडघ्याची वाटी मागच्या हाडावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट दाबली जाते. तिथली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजलेली असेल, तर दुखणे आधी जिन्यावरच जाणवते.

उदाहरणादाखल, लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, ६६ वर्षांच्या आणि ७८ किलो वजनाच्या आजी घेऊ. सकाळी त्यांचा गुडघा दहा-पंधरा मिनिटे आखडतो, हलवताना करकरतो, पण तो लाल किंवा गरम होत नाही. हे चित्र बहुधा झिजेचे असते आणि त्यासाठी दर वेळी एक्स-रे काढावाच लागतो असे नाही, कारण एक्स-रेमधली झीज आणि प्रत्यक्षातले दुखणे यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही.

दुखते म्हणून आजींनी चालणे सोडले, तर मांडीचा स्नायू रोडावतो आणि सांध्यावरचा भार आणखी वाढतो. माझ्या मते खरे नुकसान इथेच होते. म्हणून त्यांनी उताणे झोपून एक गुडघा वाकवावा, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा, पाच सेकंद धरून सावकाश खाली न्यावा आणि असे प्रत्येक पायाने दहा वेळा करावे. ते जमू लागले की उंच खुर्चीवरून, शक्यतो हातांचा आधार न घेता, उठण्या-बसण्याचा सराव करावा. व्यायामानंतर थोडे दुखणे चालते. दुसऱ्या दिवशीही ते वाढलेलेच राहिले, तर प्रमाण कमी करावे. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात.

वजनाचा हिशेब आशादायक आहे. एक किलो वजन उतरले, तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. म्हणजे आजींचे पाच किलो कमी झाले, तर वीस किलोंचा.

वेदनेसाठी आधी डायक्लोफेनॅकचे जेल गुडघ्यावर लावून पाहावे. याच जातीच्या गोळ्या मात्र रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, जठरातील व्रण किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असताना घातक ठरू शकतात. त्या मनाने आणून रोज घेऊ नयेत. जिन्यावर कठडा धरून, चढताना बरा पाय आधी टाकावा आणि उतरताना दुखरा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात असावी.

गुडघा अचानक सुजून गरम झाला, ताप आला, पायावर भार देता येईना, सांधा अडकून बसला किंवा पोटरी सुजली, तर मात्र व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. नमस्कार.