रिकामी न होणारी पिशवी

पडद्यावर दिसणारी ही कुत्री दहा वर्षांची असून स्पॅनियल जातीची आहे. पुढच्या दोन पायांवर जोर देऊन ती आपले बूड जमिनीवर घासत पुढे सरकते, थांबते, वळून शेपटीखाली चाटते आणि पुन्हा घासू लागते. असे दिसले की जंत झाले असावेत, असा समज सर्रास केला जातो. तोही कधीकधी खरा ठरतो आणि त्वचेची ॲलर्जीही हेच दृश्य दाखवू शकते. मात्र तपासणीत पाहण्याची पहिली जागा गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, त्वचेखाली असते.

घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणली, तर चार आणि आठच्या आकड्यांजवळ, गुदद्वार आवळून धरणाऱ्या दोन स्नायूंच्या मध्ये, दोन लहान पिशव्या असतात. त्यांत साचणारा उग्र वासाचा तपकिरी स्राव शौचाच्या वेळी बसणाऱ्या दाबाने बारीक नलिकेतून गुदद्वाराच्या कडेवर बाहेर पडतो. मल सतत पातळ राहिला, तर हा दाब पुरेसा बसत नाही. स्राव घट्ट होत जातो, नलिका तुंबते आणि पिशवी फुगते.

आता टेबलावर पाहूया. मदतनिसाने कुत्रीला उभे धरून तिचे डोके आपल्या काखेशी घेतले आहे, तर पशुवैद्यकाने हातमोजा घालून तर्जनीला भरपूर वंगण लावले आहे. बोट गुदद्वारात हळूच आत जाते, अंगठा बाहेर त्वचेवर राहतो आणि दोहोंच्या चिमटीत डावी पिशवी सापडते. नलिकेच्या तोंडावर कापसाची घडी धरलेली आहे, कारण स्राव अनपेक्षित जोराने उडू शकतो. दाब पिशवीच्या खोलवरच्या टोकापासून नलिकेच्या तोंडाकडे, सावकाश आणि सौम्य दिला जातो. हा स्राव मलमासारखा, करड्या रंगाचा बाहेर येतो आहे. तो येतच नसेल, तर जोर वाढवायचा नसतो, कारण तुंबलेली पिशवी आतल्या आत फुटू शकते. अशा वेळी नलिकेतून सलाईन सोडून घट्ट स्राव मऊ केला जातो. केवळ बाहेरून पिळण्याची पद्धत सोपी दिसते, पण तिने पिशवी बहुधा पूर्ण रिकामी होत नाही आणि, या निवेदनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे म्हणजे, आत काय आहे ते बोटाला कळत नाही.

हा दुसरा कुत्रा. याच्या गुदद्वाराच्या एकाच बाजूला, आठच्या आकड्यापाशी, त्वचा लालजांभळी झालेली असून मधोमध ती पातळ दिसते. हे गळू आहे आणि ते पिळायचे नसते. गुंगी देऊन ते उघडले जाते, पू काढून पोकळी सलाईनने धुतली जाते आणि निचरा होत राहावा म्हणून जखम उघडीच ठेवली जाते. वेदनाशामक आणि प्रतिजैविक देऊन, चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर घालून कुत्रा घरी जातो.

पुन्हा स्पॅनियलकडे वळू. डावी पिशवी रिकामी झाल्यावर बोटाखाली ती सपाट, सैल पापुद्र्यासारखी लागते. उजव्या पिशवीतूनही थोडा स्राव आला आणि अनेकदा काम इथेच संपले असे मानले जाते. इथे मात्र बोट बाहेर आलेले नाही. पशुवैद्यक उजवी बाजू पुन्हा चाचपतात आणि स्राव निघून गेल्यावरही तिथे सुमारे एक सेंटिमीटरची टणक, न दबणारी गाठ शिल्लक राहते. तुंबलेली पिशवी दाबाने लहान होते, गाठ मात्र लहान होत नाही. कुत्रीला दुखत नाही, ताप नाही, त्वचाही लाल नाही. म्हणूनच बोटाने चाचपल्याशिवाय ही गाठ सापडली नसती.

उतारवयातील कुत्र्यात एका बाजूला अशी गाठ लागली, की त्या पिशवीच्या ग्रंथींचा कर्करोग गृहीत धरून पुढे जावे लागते. सुईने पेशी घेतल्या जातात आणि रक्तातील कॅल्शियम मोजले जाते, कारण काही कुत्र्यांत ही गाठ कॅल्शियम वाढवणारे द्रव्य स्रवते आणि मालकाला आधी जाणवते ते कुत्र्याचे वाढलेले पाणी पिणे व लघवी. बोट आणखी आत, वरच्या बाजूला नेऊन कण्याखालच्या लसिकाग्रंथी वाढल्या आहेत का, हेही चाचपले जाते. त्या फार वाढल्या, तर मल चपटा होतो आणि शौचाला कुंथावे लागते. बोट तिथवर पोहोचतेच असे नाही, म्हणून पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे काढावा लागतो.

हिचे कॅल्शियम सामान्य होते, लसिकाग्रंथी वाढलेल्या नव्हत्या आणि छातीही स्वच्छ होती. पेशींच्या तपासणीत कर्करोग दिसला व उजवी पिशवी गाठीसह काढण्यात आली. हे शेवटचे चित्रीकरण तीन महिन्यांनंतरचे आहे: तेच टेबल, तोच हातमोजा आणि उजव्या बाजूच्या व्रणावरून सावकाश फिरणारे बोट.